टेबलावरची कात्री

कापूस खरेदी करणाऱ्या एका मुंबईच्या कंपनीचं यवतमाळात ऑफिस होतं. साठ सालानंतर काही वर्षं मी तिथे पत्रव्यवहार सांभाळत होतो. पॅन्ट-शर्ट, पॉलिश केलेले बूट, दोन ओळींचं इंग्रजी उत्तर. सगळं साहेबांना हवं तसं होतं. फक्त माझे केस खांद्यापर्यंत होते.

ते हौसेचे नव्हते. बायकोची दोन बाळंतपणं अर्ध्यावर गेली, तेव्हा मायनं कळंबच्या चिंतामणीला बोलून टाकलं, की घरात लेकरू येऊन त्याचं जावळ निघेपर्यंत त्याच्या बापाच्या केसांना कात्री लागणार नाही. मला नंतर कळलं. मायला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "हे काय आहे? काही धार्मिक वगैरे?"

मला लाज वाटली. मुंबईहून आलेल्या माणसापुढे नवसाची गोष्ट काढायची कशी? मी म्हणालो, "नाही साहेब. सवय आहे."

"मग सवय बांधून ठेवा. एक केस कॉलरवर दिसता कामा नये."

बांधायचं म्हणजे काय, हे मला येत नव्हतं. आधी मी टपालाच्या कागदांना लावायचं रबर लावलं. संध्याकाळी ते काढताना मूठभर केस सोबत आले. शेवटी मी माझ्या न्हाव्याकडेच गेलो. चाचाचं दुकान मारवाडी चौकाच्या बाजूला होतं. लहानपणापासून त्यांनीच माझे केस कापलेले.

"कापाचे नाही, आन् ठेवाचे कसे ते इचारून राह्यला," चाचा हसले. "बैस इथं."

त्यांनी मला शिकवलं ते असं. शिकेकाईनं रविवारी सकाळीच न्हायचं, म्हणजे सोमवारपर्यंत केस पूर्ण वाळतात. ओले बांधले की दुपारी कुबट वास सुटतो. तेल तळहाताला पुसटसं, तेही टोकांना, नाहीतर कॉलर काळी होते. भांग न पाडता सगळे मागे घ्यायचे. रबराऐवजी काळी सुती फीत, मानेच्या जरा वर, कॉलर लागणार नाही अशी. आणि रोज एकाच जागी आवळायचं नाही, बोटभर वर-खाली करायचं, कारण एकाच जागी बांधले की केस तिथंच तुटतात. कानामागचे आखूड केस ओल्या हातानं बसवायचे. मानेवरची लव तेवढी वस्तऱ्यानं काढू, ती काही नवसात येत नाही, असा निवाडाही त्यांनीच दिला.

ड्रॉवरमध्ये एक फणी ठेवली. जेवणाच्या सुट्टीत नळावर जाऊन शेपटी पुन्हा बांधायचो. असं करत सात-आठ महिने गेले. बाहेरगावचे व्यापारी पहिल्यांदा टक लावून बघायचे, मग कामाचं बोलायला लागायचे. साहेबही काही बोलेनासे झाले. आणि बायकोला पुन्हा दिवस गेले. पाचवा संपला, सहावा लागला.

तो दिवस पावसाळी होता. आदल्या दिवशी उशिरा न्हाणं झालं, सकाळी केस आत ओलेच होते. घाईत तसेच बांधले. ओले केस वाळायला लागले की फीत सैल पडते, हे मला माहीत होतं, तरी दुपारी नळावर गेलो नाही, कारण मुंबईच्या गिरणीचं पत्र टपालात पडायचं होतं. साहेबांनी सही केली. मी वाकून पत्र उचललं आणि कानाजवळची एक बट सुटून थेट ओल्या सहीवर पडली. मी दचकून मान वर केली, तर शाईची रेघ कागदभर ओढली गेली.

मी पत्र पुन्हा टाइप करायला देण्यासाठी वळलो. मागून पावलं आली. मानेला काहीतरी गार लागलं आणि आवाज आला. कच्.

मी वळून पाहिलं. साहेबांच्या एका हातात कागद कापायची मोठी कात्री होती, दुसऱ्या हातात माझ्या शेपटीचा टोकाकडचा चार बोटांचा झुबका.

"आता नाही पडणार," ते म्हणाले, आणि त्यांनी तो टोपलीत टाकला.

टाइपरायटर थांबला होता. हेडक्लार्क खाली बघत होते. मला ओरडता आलं नाही, त्यांचा हात धरता आला नाही. मी खाली बसलो, टोपलीतले केस वेचून रुमालात बांधले. डोक्यात एकच होतं: सहावा महिना.

ऑफिसातून मी थेट चाचाच्या दुकानी गेलो. रुमाल पुढे ठेवला. "चाचा, हे काही जोडता येते का?"

चाचांचा वस्तरा हातातच राहिला. "कोनं केलं हे?"

मी सांगितलं. त्यांनी वस्तरा मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "कापलेले केस नाही जुडत, बेटा. घरी जाय. पयले बायकोले सांग."

मला मायपासून लपवायचं होतं, आणि बायकोपासूनही. पण रात्रीच्या जेवणाआधीच, माय देवळात गेलेली असताना, बायकोनं मान पाहिली. मी सगळं बोललो आणि रडायला लागलो.

"कायले रडून राह्यले?" ती म्हणाली. "लेकरू माह्या पोटात आहे, तुमच्या केसात नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. चिंतामणीचं नाव घेतलं की हात जोडणारी बाई ती.

"आन् तुम्ही साहेबाले सांगतलं काहून नाही, केस कायचे आहेत म्हणून? उद्या सांगा. नाहीतर मी येतो."

दुसऱ्या दिवशी कापलेली टोकं फितीत राहीनात, बाहेर काट्यांसारखी उभी राहायची. सकाळी चाचांनी पीळ देऊन, आत दुमडून, दोन काळे आकडे आडवे खोचून चापट अंबाडा बसवून दिला. तसाच मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि नवस, गेलेली दोन लेकरं, सहावा महिना, सगळं सांगितलं.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," ते हळू म्हणाले.

"हो साहेब. मी खोटं बोललो."

ते उठले. बाहेरच्या खोलीत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काल मी या माणसाच्या अंगाला हात लावला. तो माझा अधिकार नव्हता. मी माफी मागतो." त्या काळात साहेब कारकुनाची माफी मागतो, हे आमच्यापैकी कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. हेडक्लार्क उभे राहिले ते बसायचंच विसरले. मी "बरं साहेब" एवढंच म्हणालो आणि जागेवर जाऊन बसलो.

पुढचे तीन महिने मी रोज भीतीनं घरी जायचो. दारात पाय ठेवताना कान आतल्या आवाजाकडे असायचे. मुलगी झाली. धडधाकट, मोठ्यानं रडणारी.

वर्षानं कळंबला तिचं जावळ काढलं. माझ्या डोक्यावरून चाचांनीच वस्तरा फिरवला, खास त्यासाठी ते एसटीनं आले होते. परत आल्यावर मी मायला कात्रीची गोष्ट सांगितली. ती ऐकता ऐकता खाली बसली. मुलीला मांडीवर घेऊन तिनं तिचे हात, पाय, बोटं, कान एकेक करून पुन्हा पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले तवाच सांगतलं असतं, तं मी भीतीनंच मेली असतो."