बंधाऱ्याची बातमी आणि खैरुनबीची कात्री

कोडोलीच्या बाजारपेठेत अल्लाउद्दीन टेलरचं दुकान होतं, तेव्हा त्या दुकानात भिंग लावून शोधूनही एक पुस्तक सापडलं नसतं. वर्तमानपत्रं मात्र ढिगानं. वाचायला नव्हे. झंपराचा, शर्टाच्या बाहीचा माप-नमुना कापायला कागद लागायचा, म्हणून रद्दी यायची. टेलरची धाकटी लेक खैरुनबी त्या कागदी बाह्यांवर, कागदी गळ्यांवर मराठी वाचायला शिकली. बाहीवरची बातमी गळ्याशी कधी जुळायची नाही. कात्री जिथं वळली तिथं बातमी संपली. शेपूट खाली चिंध्यांत.

त्या पोरीनं लवकरच एक गोष्ट हेरली. काही बातम्या अर्ध्यात कापल्या तरी कळत. कोण, कुठं, काय झालं, ते पहिल्या चार ओळींतच बसलेलं असे. काहींचं मात्र अर्धं वाचूनही हातात फक्त हार आणि नारळ राही.

आज खैरुनबी मुजावर गावच्याच हायस्कुलात दहावीला मराठी शिकवते. बाईंचे केस पिकलेत, आवाज पिकलेला नाही. नवा पालक आला की विचारतो, "उर्दूच्या बाई का तुम्ही?" बाई म्हणते, "मराठीच्या. बसा पावणं, तुमच्या पोराची जोडाक्षरं दाखवते." एका वर्षी तालुक्यातल्या मराठी शिक्षकांनी दहावीसाठी सरावपुस्तिका काढायची ठरवली आणि बातमीलेखनाचं नमुना उत्तर मुजावरबाईंकडं आलं. बाईंना ते मोलाचं वाटलं. वर्गात शिकवलेलं चाळीस पोरांत राहतं. पुस्तिकेत छापलेलं डोंगरातल्या वाडीवरचं पोरगंसुद्धा पाठ करतं.

प्रश्न असा होता. शीर्षक दिलेलं : 'विद्यार्थ्यांनी श्रमदानातून बांधला बंधारा'. खाली मुद्दे : गावचा ओढा, रिकामी पोती, विद्यार्थ्यांचे श्रमदान, पाणी अडले, ग्रामस्थांचे समाधान, पाहुण्यांकडून कौतुक. एवढ्यावरून बातमी उभी करायची.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शिक्षक-खोलीत तिघं बसले. पुस्तिकेचे प्रमुख, दुसऱ्या शाळेतले हंबीरराव सर, टंकलेखन करणारी तरुण शिक्षिका प्रियदर्शनी आणि मुजावरबाई. प्रियदर्शनीनं बाईंचं उत्तर मोठ्यानं वाचलं :

"कोडोली, दि. १२ (आमच्या वार्ताहराकडून) : येथील आदर्श विद्यालयाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी रविवारी श्रमदानातून गावच्या ओढ्यावर वनराई बंधारा बांधला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, ती एकावर एक रचून त्यांनी वाहून जाणारे पाणी अडवले..."

पुढं मुलामुलींनी पोती कशी वाहिली ते होतं, मग विहिरींना पाझर लागेल म्हणून ग्रामस्थांना झालेलं समाधान. अगदी शेवटच्या ओळीत प्रमुख पाहुण्यांनी विद्यार्थ्यांचं कौतुक केल्याचं होतं.

हंबीरराव सरांनी सुपारी गालात सरकवली. "बाई, लई भारी. पण पाव्हणं खाली गेल्यात."

"जिथं असायला पायजेत तिथंच हाईत."

"तसं न्हवं. पुस्तिकेच्या छपाईचा खर्च आपल्या पुढाऱ्यांची, विजयसिंहदादांची संस्था करत्याय. पाव्हणं म्हणून दादांचंच नाव पयल्या ओळीत घ्या. 'मा. विजयसिंहदादा यांच्या शुभहस्ते, मान्यवरांच्या उपस्थितीत बंधाऱ्याचे उद्घाटन मोठ्या उत्साहात संपन्न झाले.' असं. मग पोरांचं काय ते लिवा की खाली."

"सर, शीर्षकात कोण हाय?"

"विद्यार्थी."

"मग पयल्या ओळीत पाव्हणा कुठनं उगवला?"

प्रियदर्शनी हसू दाबायला खिडकीकडं बघायला लागली.

"आवो, वर्तमानपत्रात असंच येतंय," सर म्हणाले.

"येतंय. म्हणून तर शिकवायला पायजे."

बाईंनी पिशवीतनं कात्री काढली. लांब पात्याची, मुठीला चिंधी गुंडाळलेली, बापाच्या हातची. प्रियदर्शनीला म्हणाली, "पोरी, सरांची बातमी बी छाप." दोन्ही कागद टेबलावर आले. "समजा पानावर जागा कमी पडली. उपसंपादक कुठनं कापंल?"

"खालनं," प्रियदर्शनी म्हणाली.

कर्र करून कात्री फिरली. सरांच्या कागदावर दादा, मान्यवर आणि उत्साह उरला. पोरं, पोती आणि पाणी जमिनीवर पडलं. मग बाईंनी आपला कागद कापला. पाहुण्यांची ओळ गेली. बंधारा जागच्या जागी उभा होता.

सरांनी जमिनीवर पडलेले तुकडे उचलून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "हे समदं बरोबर हाय बाई. पण पैसं कोण देतंय?"

"पैशाची बातमी येगळी लिवा. तिचं शीर्षक मी देते."

"हट्ट सोडा. न्हायतर नमुना मला लिवाय लागंल."

"लिवा की. पण त्याच्याखाली खैरुनबी मुजावर न्हाई यायची."

"तालुक्यातल्या पोरांनी तुमचं नाव वाचलं असतं, बाई."

बाईंनाही ते हवं होतं. तरी तिनं कात्री पिशवीत घातली. "नाव न्हाई वाचलं तर चालंल. खोटा क्रम वाचू नये."

पुस्तिका आली. चकचकीत वेष्टन, आत सरांचा नमुना, पहिल्या ओळीत दादा. बाईंनी ती लपवली नाही, फाडली नाही. सगळ्या वर्गाला वाटली आणि म्हणाली, "पान उघडा. पट्टी घ्या. बातमीच्या खालच्या निम्म्या भागावर पट्टी ठेवा. आता सांगा, बंधारा कुणी बांधला?"

वर्ग शोधायला लागला. मागच्या बाकावरची सना उभी राहिली. आदल्या हिवाळ्यात गावच्या ओढ्यावर खरोखरीच असा बंधारा घालताना पोती उचलून तिच्या खांद्याला सालपटं निघाली होती.

"बाई, कुणीच न्हाई बांधला. नुसतं उद्घाटन झालंय."

वर्ग खो खो हसला. बाई हसली नाही. तिनं फळ्यावर शीर्षक लिहिलं, मुद्दे लिहिले आणि खडू सनाच्या हातात दिला. "तू सांग. पयलं वाक्य." सनानं लिहिलं. बाईंनी एक 'आम्ही' पुसून 'विद्यार्थ्यांनी' केलं. "बातमीत वार्ताहर दिसत न्हाई बाळा. काम दिसतंय."

"पण बाई, पुस्तिकेत येगळं हाय. गुण कापलं तर?"

"ठिकाण, तारीख, सगळं मुद्दं आलं, आपलं मत घुसडलं न्हाई, तर कुणाची टाप हाय कापायची? आणि कापलं, तर पेपर घिऊन माझ्याकडं या. मी जाते भांडायला."

पूर्वपरीक्षेत नेमका तोच प्रश्न पडला. तालुक्याच्या रिवाजाप्रमाणं पेपर अदलाबदलीनं तपासायचे. कोडोलीचा गठ्ठा हंबीरराव सरांच्या शाळेत गेला. बाईंनी भांडणाची तयारी ठेवली होती. चार वाक्यं मनात घासून धार लावून ठेवली होती.

एका दुपारी सरांचा फोन आला.

"मुजावरबाई, तुमच्या वर्गानं बंड केलंय. सगळ्यांनी पाव्हणं खाली ढकलल्यात."

"मग? कापलं गुण?"

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला. "कशावर कापू? मुद्दं समदं हाईत. शीर्षकाला धरून हाय. दिलं पुरं." सरांनी आवाज उतरवला. "आमच्या पोरांचा गठ्ठा बाहेर धाडताना चाळला, तवा मात्र सारखं दादाच भेटाय लागलं. ओढा लवकर गावंना."

धार लावलेली चारही वाक्यं बाईंनी म्यान केली.

"पर बाई, एक पेपर दादांनी बघितला. हितं आलते. मला म्हणाले, हंबीरराव, ह्यात मी कुठं हाय? काय सांगू त्यांला?"

"सांगा, हाईसा की," खैरुनबी म्हणाली. "पाणी अडलं, मग तुम्ही आलासा. तिथंच हाईसा."