उकळलेल्या बाटलीचा वास

मुलगी चार महिन्यांची असताना तिला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, रडताना आसवंही येईनात. कारंज्याच्या दवाखान्यातली नर्सबाई घरी आली आणि तिने आधी दुधाची बाटली मागितली. मी ती ऐटीत पुढे केली. शाळेत आरोग्यशास्त्र शिकवणारा मी, घड्याळ लावून रोज बाटली उकळत असे.

तिने वास घेतला. "मास्तर, न धुता उरल्या दुधासकटच उकळून राह्यले का?"

"हो. जंतू मरतात ना."

"आन् दूध शिजून काचेले चिकटते, ते कोन काढते?"

तिने रबरी निपल उलटं केलं. कडेच्या खाचेत आंबूस, पिवळट थर होता. बायको चमच्याने मुलीला मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिली.

नर्सबाईने मला बसवून सगळं करायला लावलं. बाटली आधी गार पाण्याने खळबळली, मग साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासली. निपल आतून मिठाने चोळून भोकातून पाणी पिळलं. खळखळून धुतल्यावरच दोन्ही पाण्यात पूर्ण बुडवून उकळायला ठेवली.

संध्याकाळी मुलगी रडली, आणि गालावर आसवं ओघळली. इतकं सुंदर रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.