काकांची पुसलेली ब्रांच

धुतलेला कप चहाआधी पुन्हा धुणं. कीबोर्ड उलटा करून ठोकणं. आईचा फोन आला की खुर्चीतून उठून उभं राहणं. एरर मोठ्यानं वाचणं, जणू कुणाची तक्रार ऐकून घेतोय. चाळिशीतल्या त्या प्रोग्रॅमरला सगळं ऑफिस काका म्हणायचं.

शनिवारी काका गेले. हृदय.

सोमवारी त्यांचं अकाउंट बंद झालं, लॅपटॉप कोरा केला गेला, त्यांच्या ब्रांच, म्हणजे चालू कामाच्या वेगळ्या प्रती, सर्व्हरवरून उडवल्या गेल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माणूस गेला की तशीच पद्धत होती.

त्यातल्या एका ब्रांचमध्ये डायलिसिस केंद्राच्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. एकाच मशीनवर दोन पेशंटना एकच वेळ मिळायची. ती चूक काका काढत होते. त्यांची आई त्याच केंद्रात जायची.

मंगळवारी ते काम शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे आलं. तिनं ब्रांचचं नाव देऊन फेच केलं, म्हणजे सर्व्हरवरून ती ओढून घ्यायला गेली. उत्तर आलं, ‘कुडन्ट फाइंड रिमोट रेफ’. सर्व्हरवर या नावाचं काही नाही.

“प्रून मार ना,” मागून पोपट म्हणाला. दिवसभर बडबडतो म्हणून पोपट. “जुना कचरा साफ होईल.” त्याचा हात कीबोर्डकडे आला.

“हात लावू नकोस!”

ती एवढी ओरडली की टीम सांभाळणाऱ्या लीडबाई उठून आल्या.

सर्व्हरवरची ब्रांच गेली, तरी आधी फेच केलेल्या मशीनवर तिची शेवटची खूण, म्हणजे तेव्हापर्यंतचं काम, राहते. प्रून केलं की तीही जाते. बाकी सगळ्यांकडे फेचबरोबर आपोआप प्रून व्हायचं. काकांनीच ती सेटिंग मागे लागून लावून घेतली होती. तिनं मात्र आळस केला.

“बाई गं, तुझ्या मशीनवर भुतं नांदतात,” काका म्हणायचे.

तिनं आपल्या मशीनवरच्या खुणांची यादी काढली. खूण होती. तिच्यावरून तिनं आपली नवी ब्रांच काढली.

“मिळालं सगळं?” लीडबाईंनी विचारलं.

“गुरुवारपर्यंतचं.”

“आणि शुक्रवारचं?”

“त्यांनी शुक्रवारी पुढचं काम सर्व्हरवर पुश केलं होतं. मला म्हणाले, ‘ओढून घे आणि बघ.’ मी म्हटलं, सोमवारी बघते, काका.”

लीडबाई खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या.

तिनं फाइल उघडली. सकाळच्या पाळीचा गुंता सुटला होता. दुपारच्या पाळीचं फंक्शन रिकामं होतं. आत काकांची गुरुवारची एकच ओळ होती:

‘आई दुपारी जाते. तिथं नक्की काय होतं ते तिला विचारून उद्या लिहितो.’