मेणबत्ती, ग्लास आणि तो दाढीवाला

परवा लाइट आली, मी मेणबत्तीवर फुंकर मारली आणि त्या वासाने मला थेट मस्तगडच्या आमच्या दोन खोल्यांत नेऊन बसवलं. लग्न नवीन होतं, टीव्हीही नवा होता, आणि रविवारी विज्ञानाच्या कार्यक्रमातला तो दाढीवाला निवेदक दिसला की बायको स्टोव्ह बंद करून समोर बसायची. मी टीव्हीपेक्षा तिच्याच तोंडाकडे बघत जळत राहायचो. एका रविवारी त्याला खोटं पाडायचंच म्हणून मी ताटलीत मेणबत्ती पेटवली, भोवती कुंकवाचं पाणी ओतलं आणि वर काचेचा ग्लास पालथा घातला. कडेने दोन-चार बुडबुडे निघाले, ज्योत विझली आणि मंग लाल पाणी भराभर आत चढलं. “बघ,” मी म्हणालो, “तुझा दाढीवाला म्हणतो, ज्योत ऑक्सिजन खाते म्हणून पाणी चढतं. मंग जळताना का न्हाई चढलं? तापलेली हवा फुगून बाहेर गेली, उरलेली विझल्यावर थंड होऊन आकसली, म्हणून चढलं.” ती हसायलाच लागली. “अहो, तुम्ही गल्लत करून राह्यले. ऑक्सिजनचं तो प्रश्नमंजूषेतला कोटवाला बोलला होता. या दाढीवाल्यांनी तर बिलकुल तुमच्यासारखंच सांगितलं. बाह्या दुमडून, डाव्या हाताने ग्लास ठेवला होता त्यांनी.” डावा हातसुद्धा लक्षात होता तिच्या! मी ताटली उचलली. आता त्याचीही दाढी पांढरी झाली असेल, टक्कल पडलं असेल, या विचाराने मला अजून बरं वाटतं.