बानं मागितलेला दाखला

माणूस मी तापट. कंपनीत सुपरवायझरशी भांडतो, घरी बायकोशी भांडतो, रिक्षावाल्याशी तर भांडतोच भांडतो. पण कागद म्हटला की माझे हातपाय गार पडतात. बँकेत साधा फॉर्म भरायचा असला तरी पोरीला संगं नेतो. तिला वाटतं, पप्पा नववीतून सुटलेले, म्हणून घाबरतात. खरं कारण मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

गेल्या साली पोरीला सरकारी कॉलेजात फार्मसीला नंबर लागला. मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीतून सरकारी कॉलेजात जाणारी ही पहिलीच. जागा राखीव होती, म्हणून जात वैधता प्रमाणपत्र लागणार होतं. अर्ज केल्याच्या पावतीवर प्रवेश झाला. पण ठरलेल्या तारखेच्या आत प्रमाणपत्र दिलं नाही, तर जागा जाणार असं कॉलेजनं लिहून घेतलं होतं. जात बापाकडून धरतात, म्हणून पुरावा बापाचा, म्हणजे माझा. माझा शाळा सोडल्याचा दाखला पोरीनं मोबाईलवर स्कॅन करून अर्जाला जोडला.

महिन्याभरानं जात पडताळणी समितीकडून त्रुटी निघाली. पोरगी मोबाईलवरून वाचायला लागली, तसा मी भिंतीला टेकून खाली बसलो. "वडिलांच्या दाखल्यावर आडनावात खाडाखोड दिसून येते. मूळ दाखला व शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह सादर करावा."

"कसली खाडाखोड, पप्पा?"

"शाळेतलीच असंल," मी म्हणालो. पोरीशी एवढं सरळ खोटं मी पहिल्यांदाच बोललो.

खाडाखोड माझीच होती. शाळा सुटल्यावर मी चिकलठाण्याला एका कंपनीत हेल्पर म्हणून लागायला गेलो, तेव्हा गेटवरच्या टाइमकीपरनं दाखला आणि राशन कार्ड शेजारी-शेजारी ठेवलं आणि म्हणाला, आडनाव जुळत नाही, नीट करून आण. दाखल्यावर आडनावातलं एक अक्षर चुकलेलं होतं. शाळेत परत कोण जातंय? आमच्याच गावच्या बस स्टँडवर बसून मी निळ्या पेनानं ते अक्षर नीट केलं. दुसऱ्या दिवशी टाइमकीपरनं नीट बघितलंसुद्धा नाही. नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, पुढं शेंद्र्याच्या कंपनीत आलो. दाखला पेटीतच राहिला. त्याच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं होतं, की दाखल्यात अनधिकृत बदल केल्यास कायदेशीर कारवाई होईल. पेटी उघडली की माझी नजर नेमकी तिथंच जायची.

आता पोरीची जागा त्या निळ्या शाईवर आली होती. खोटा दाखला जोडला म्हणून तिचा अर्जच फेटाळला तर? माझ्यावर केस झाली तर? कंपनीत कळलं तर? जेवण गोड लागंना. बायको म्हणाली, "तुमी काय चोरी केली का? तोंड बघा कसं झालंय." ती आपली थट्टाच करत होती, पण मी ताट सारून उठलो.

उस्मानपुऱ्यात झेरॉक्सचं दुकान असलेले एक चाचा आहेत. वीस-पंचवीस वर्षं लोकांची कागदपत्रं बघून बघून अर्धे वकील झालेत. दाखल्याची रंगीत झेरॉक्स काढायला त्यांच्याकडं गेलो. त्यांनी कागद काचेवर ठेवला, परत उचलला, उजेडात धरला आणि माझ्याकडं चष्म्याच्या वरून बघितलं.

"ये किसने किया?"

मी झेरॉक्स मशिनकडं बघायला लागलो. त्यांना काय कळायचं ते कळलं.

"अब इसको हाथ मत लगाना," ते हळू आवाजात म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकानं लगेच सांगितलं, की कोरा दाखला मिळतो, जुना शिक्कापण मिळतो, आपला माणूस आहे. चाचांनी त्याला झापलं. मग मला बाकड्यावर बसवून समजावलं. रजिस्टरला नाव बरोबर असंल आणि दाखल्यावर उतरवताना चुकलं असंल, तर मुख्याध्यापकच नवीन दाखला देतात. पण रजिस्टरलाच चूक असंल, तर शाळेनं प्रस्ताव करायचा, जुने पुरावे आणि प्रतिज्ञापत्र लावायचं, आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी मंजुरी देतात तेव्हा दुरुस्ती होते. "वक्त लगता है, भाई. आजच शाळेत जावा."

तारखेला तीन आठवडे राहिले होते. रजिस्टरला चूक असणारच, हे मला पक्कं ठाऊक होतं. मास्तरांनी हजेरी घेताना तेच चुकीचं आडनाव घेतलेलं मी रोज ऐकलेलं होतं. म्हणजे रजिस्टर एक सांगणार आणि दाखला दुसरं. आपण होऊन फासात मान द्यायला निघाल्यासारखं वाटत होतं.

कंपनीत सुट्टी टाकली आणि जालना रोडनं गावाकडची बस धरली. पोरगी येते म्हणाली, तर तिच्यावर उगाच खेकसलो. पिशवी छातीशी धरून गावच्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाऊल ठेवलं. व्हरांड्यात एक म्हातारे शिपाई बसलेले. जय भीम घातला. त्यांनी ओळखलं नाही, पण माझ्या बाचं नाव सांगितल्यावर "अरं, व्हय व्हय" म्हणत थेट ऑफिसात घेऊन गेले.

मुख्याध्यापिका बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. मी फक्त त्रुटीचा कागद पुढं केला. दाखला पिशवीतच ठेवला, कारण तो बाहेर काढायला हातच उचलंना.

"दाखल्यावरचा रजिस्टर नंबर सांगा," बाई म्हणाल्या.

नंबर मला तोंडपाठ होता. शिपायांनी लोखंडी कपाटातून कापडी बांधणीचं भलंमोठं रजिस्टर काढलं, धूळ झटकली. बाईंनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबल्या. मी डोळे मिटून घेतले.

"दुरुस्ती तर झालेली आहे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. वाकून बघितलं. चुकीच्या आडनावावर तांबड्या शाईची एकच आडवी रेघ, वर बरोबर आडनाव, बाजूला सही. आणि शेऱ्याच्या रकान्यात: शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार दुरुस्ती केली, पुढं आदेश क्रमांक आणि तारीख. तारीख मी कंपनीला लागलो त्याच सालातली होती, तीन-चार महिन्यांनंतरची.

"कोणी केली?" मी विचारलं.

बाईंनी शिपायांना जुन्या प्रस्तावांची फाईल काढायला लावली. अर्धा तास लागला. तो अर्धा तास मी जिवात जीव नसल्यासारखा बसून होतो. कारण रजिस्टर बरोबर निघालं तरी पिशवीतला दाखला होताच. फाईल आली. वाळवीनं कडा खाल्लेला एक अर्ज. अक्षर दुसऱ्याच कोणाचं तरी, मजकूर साधा: माझ्या मुलाचे आडनाव शाळेत चुकले आहे, तलाठ्यांनी जातीच्या दाखल्याच्या वेळी सांगितले, तरी दुरुस्त करून मिळावे. सोबत कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची नक्कल आणि प्रतिज्ञापत्र. खाली निळा अंगठा. शेजारी लिहिलेलं, 'निशाणी अंगठा', आणि बाचं नाव.

बाला वाचता येत नव्हतं. दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचा. एक रोज बुडला की आई बोलायची, असा माणूस. तो कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र करून आला होता, जिल्हा परिषदेत कागद देऊन आला होता, आणि घरात चकार शब्द बोलला नव्हता.

शिपाई म्हणाले, "लई चकरा मारल्या त्यानं. मी तवा नवाच लागलो होतो. दर बाजाराच्या दिवशी यायचा, आदेश आला का म्हणून इचारायचा."

अर्जाच्या मागं त्यावेळच्या मुख्याध्यापकांनी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. बाईंनी त्या मोठ्यानं वाचल्या. "आदेशाप्रमाणे रजिस्टरला दुरुस्ती केली. पालकांनी मूळ दाखला जमा न केल्याने नवीन दाखला दिला नाही."

आणि मला सगळं आठवलं. कंपनीला लागून थोडेच महिने झाले होते. सुट्टीला घरी आलो होतो. बा दारात उभा राहून म्हणाला, "तुजा शाळंचा कागुद येक दिस दे मला." दाखल्यावर तर माझी निळी शाई. बा तो कोणाला दाखवील आणि मी पकडला जाईन, या भीतीनं माझा पारा चढला. "तुला काय कळतंय त्यातलं? वाचता येतं का? माझ्या कागदांना हात लावायचा नाय," असं मी त्याच्यावर ओरडलो होतो. बा तसाच मागं फिरला. परत त्यानं कधी मागितला नाही. दहा वर्षांनी तो गेला.

"मूळ दाखला आणलाय ना?" बाईंनी विचारलं. "तो जमा केल्याशिवाय नवीन देता येत नाही."

मी दाखला काढून टेबलावर ठेवला आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. बस स्टँड, निळं पेन, टाइमकीपर. बाईंनी दाखला हातात घेऊन ते अक्षर निरखलं. मला वाटलं, आता फोन लावतात पोलिसांना.

"अक्षर बरोबरच केलंय तुम्ही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तो अधिकार तुमचा नव्हता. हे जसं सांगितलं तसंच अर्जात लिहून द्या. समितीलाही तेच सांगा, लपवू नका."

अर्ज लिहायला मला तासभर लागला. बाईंनी माझ्या दाखल्यावर तांबड्या शाईनं 'रद्द' लिहिलं आणि तो बाच्या अर्जामागं लावला. नवीन दाखला दिला, आदेश क्रमांकासह रजिस्टरचा उतारा दिला. मागितल्यावर बाच्या अर्जाची झेरॉक्सही दिली.

समितीपुढं मी स्वतः उभा राहिलो. तिथल्या साहेबांनी आदेश, उतारा आणि माझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं, आणि बाच्या अर्जाची तारीख विचारली. बाकी काही नाही. प्रमाणपत्र मुदतीच्या चार दिवस आधी आलं. पोरीची जागा राहिली.

त्या दिवशी मी झेरॉक्स पोरीच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिनं आजोबाचा अंगठा बराच वेळ बघितला. बायको म्हणाली, "इतकं सगळं केलं बानं, मग तुमाला सांगितलं का नाय?"

"सांगायलाच आला होता," मी म्हणालो. "मीच त्याला दारातून परत लावला."