हो म्हणता येणार नाही असा प्रश्न

सविता भोये नाशिकच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात नर्स आहे. सातपूरला एका खोलीत राहते, डबल ड्युटी करते आणि पेशंटच्या नातेवाइकांशी फटकून वागते अशी तिची ख्याती आहे. माझा भाऊ तिथे भरती होता तेव्हा मी दोन दिवस तिचं काम बघितलं. ती कुणालाच ‘बरं वाटतंय का?’ असं विचारत नव्हती. ‘कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखवा’ म्हणायची आणि दाखवेपर्यंत हलायची नाही.

मी तिला म्हटलं, “अगं, जरा गोड बोलावं माणसांशी.”

“बरं वाटतंय का विचारलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो, सर,” ती म्हणाली. “हे तुमच्याच शाळेत शिकले.”

ती काय म्हणत होती ते मला नीट कळलं होतं.

पेठच्या पुढे डोंगरात आमची निवासी आश्रमशाळा आहे. मी तिथे सव्वीस वर्षं मराठी शिकवतो. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मुलांची प्रॅक्टिस घेणं हे माझं खातं, कारण माझा आवाज मोठा आणि स्वभाव तापट. पाहुणे आत आले की उभं राहायचं, लांब सुरात नमस्ते, मग तीन टाळ्या. पाहुण्यांनी काहीही विचारलं की सगळ्यांनी एकदम ‘हो’. जेवण चांगलं मिळतं का? होऽऽ. अभ्यास आवडतो का? होऽऽ. पाहुणे खूश, संस्था खूश, शाल-श्रीफळ, फोटो झाले की गाड्या धूळ उडवत खाली.

सविता सातवीत होती त्या वर्षी पाहुण्यांनी विचारलं, “सगळ्या मुली मजेत आहेत ना?” सगळ्यात मोठ्याने ‘हो’ सविता ओरडली. आवाज खणखणीत म्हणून मीच तिला पुढे बसवलं होतं. त्या वेळी तिची जिवाभावाची मैत्रीण ठमी मुलींच्या खोलीत तीन दिवसांच्या तापाने पडून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जीपमध्ये घातलं, ती घाट उतरायच्या आत गेली. चौकशी झाली, कागद रंगले. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

या जानेवारीत स्नेहसंमेलनाला ठरलेल्या मोठ्या पाहुण्यांनी दोन दिवस आधी नकार कळवला. मुख्याध्यापक म्हणाले, माजी विद्यार्थिनी बोलवा. मी सविताला फोन लावला.

“येते,” ती म्हणाली. “पण मला भाषण येत नाही. सुरुवात कशी करायची तेवढं सांगा.”

हे मला सांगता येतं. इतके पाहुणे ऐकलेत, कोण कुठे पडतो ते पाठ झालंय. मी सांगितलं, आदरणीय व्यासपीठाची नामावळी एका वाक्यात उरक, तोवर मुलं चुळबुळायला लागतात. मग नमस्कार म्हण आणि मुलांचा नमस्कार परत येईपर्यंत थांब. माइक तोंडापासून चार बोटं लांब धर. तू कोण ते दोन वाक्यांत सांग. वाक्यं छोटी ठेव, पहिलीच्या पोरालाही कळतील अशी. घरात बोलतो त्या बोलीतलं एखादं वाक्य आलं तर पोरं लगेच जवळ येतात. मग एकच प्रश्न विचार. ज्याचं उत्तर प्रत्येकाला येतं आणि कुणाचंच चुकत नाही, असा. विचारलास की मनात पाचपर्यंत मोज, स्वतः उत्तर देऊ नकोस. आणि पोर काही बोललं तर ते माइकवर पुन्हा म्हण, नाहीतर मागच्या रांगांना ऐकू जात नाही.

“बरं,” ती म्हणाली. “प्रश्न मी ठरवते. त्याला हो म्हणता येणार नाही.”

मी फोन ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी प्रॅक्टिस घेतली! सव्वीस वर्षांची सवय. वर दम दिला की पाहुण्यांसमोर कुणी रडगाणं गायचं नाही.

संमेलनाला पालक कुणी नव्हते. जानेवारीत आमच्याकडची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला गेलेली असतात. हॉलमध्ये फरशीवर तीनशे पोरं आणि आम्ही कडेला उभे.

सविता उठली. व्यासपीठाला एकदाच हात जोडले आणि वळली.

“नमस्कार मुलांनो.”

नमस्ते घुमलं. ते विरेपर्यंत ती थांबली.

“मी सविता. मी इथेच शिकले. इथेच, या थंड फरशीवर बसायचे.” पोरं हसली. पुढचं वाक्य ती त्यांच्या घरच्या बोलीत बोलली आणि मागच्या रांगेतली मुलंसुद्धा माना वर करून बघू लागली. “मी दवाखान्यात काम करते. भाषण आणलेलं नाही. एकच प्रश्न विचारते. तुमच्याजवळ रोज कोण बसतं? त्याचं नाव काय, आणि आज तो कुठे बसलाय?”

“होऽऽ!” तीनशे पोरं ओरडली.

व्यासपीठावर हशा पिकला. सविता हसली नाही. ती मोजत होती हे मला दिसत होतं. पाचानंतरही ती थांबली.

“नाव सांगा,” ती हळू म्हणाली.

“राजू!” एक जण म्हणाला.

“राजू. कुठंय राजू?” राजू लाजत उभा राहिला. मग नावांचा पाऊसच पडला. ती एकेक नाव माइकवर म्हणायची, ते पोर उठून उभं राहायचं, टाळ्या. माझ्या प्रॅक्टिसमध्ये नव्हत्या अशा, खऱ्या टाळ्या.

चौथ्या रांगेतली एक बारकी मुलगी म्हणाली, “कुसुम.”

“कुसुम. कुठंय कुसुम?”

कुणी उठलं नाही. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. परवानगी मागत होती. मी मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

सविताने पुन्हा विचारलं नाही. नुसती वाट बघितली.

“खोलीत हाय,” मुलगी शेवटी म्हणाली. “तिला उठता येत नाय.”

सविताने तेही माइकवर तसंच म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग माइक ठेवून पायऱ्या उतरली. मुख्याध्यापक म्हणाले, “ताई, सत्कार राहिलाय.” तिने मागे बघितलं नाही.

कुसुम गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. डोळे पिवळे, अंगात ताप, हात लावला की कळवळायची. सविताने विचारलं, “हिचं सिकलसेलचं कार्ड कुठंय?” कार्ड ऑफिसच्या कपाटात होतं. दोन वर्षांपूर्वी शाळेत या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली तेव्हापासून तिथेच.

पाहुण्यांसाठी ठरवलेल्या गाडीतून आम्ही तिला नाशिकला आणलं. कुसुम वाचली, हे सांगून टाकतो. दुखणं मात्र जन्मभराचं आहे. तिच्या आईबापांना निफाडच्या बागेवर निरोप पोचायला दुसरा दिवस उजाडला.

गाडीत कुसुमचं डोकं सविताच्या मांडीवर होतं. ती तिला घोटघोट पाणी पाजत होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी.

“किती दिवस दुखतंय?” सविताने विचारलं.

“तीन.”

“मग कुणाला सांगितलं नाहीस?”

“सरांनी विचारलेलं. प्रॅक्टिसच्या दिवशी खोलीत आलते. बरी आहेस ना, म्हणले.”

“मग तू काय म्हणालीस?”

“हो म्हटलं,” कुसुम म्हणाली. “सरांनी शिकवलेलं तसं. लय मोठ्यानं.”