खोकेमावशींच्या हातून फुटलेल्या सतरा वस्तू

खोकेमावशींचा फोटो काढायचा ठरला, तेव्हा त्यांच्या हातात काय द्यावं यावरून गोदामात अर्धा तास खल झाला. शेवटी धाकट्या मालकांनी ऑफिसातल्या दिव्याचा काचेचा गोळाच काढून त्यांच्या हातात दिला.

"हसा, मावशी."

"हातात काच असताना मी हसत नाही."

एकोणीस वर्षं मावशी लोकांची स्वयंपाकघरं खोक्यात भरत होत्या. थोरल्या मालकांच्या काळी त्या बिडाच्या तव्यापासून चष्म्याच्या काचेपर्यंत सगळं भरायच्या. आता चार गडी हाताखाली होते, पण काचसामान कुणाला शिवू द्यायच्या नाहीत. भरलेलं खोकं कानाशी धरून हलवायची त्यांची सवय. आतून जरा आवाज आला की म्हणायच्या, "बोलतंय. उघडा." यावरून गडी त्यांना मागे 'डॉक्टरीणबाई' म्हणत आणि पुढे मावशी.

धाकट्या मालकांनी तो न हसलेला फोटो फोनवर टाकला आणि खाली कॅप्शन लिहिलं:

*'आमच्या खोकेमावशी! एकोणीस वर्षं, एकही कप फुटला नाही! फुलासारखं पॅकिंग! शंभर टक्के विमा! नाममात्र ॲडव्हान्स, तारीख पक्की!'*

"मालक, यात एक तरी वाक्य खरं आहे का?" मावशींनी विचारलं.

"एकोणीस वर्षं खरं आहे ना?"

"ते मला ठाऊक आहे. मी माझ्या तोंडाखाली काय लिहिलंय ते विचारतेय."

"अहो मावशी, जाहिरात आहे ती. कोण वाचतंय!"

वाचणारी भेटली चौथ्या दिवशी.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार उघडलं ते एका निवृत्त मुख्याध्यापिकेने. शिडशिडीत बांधा, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. मागे एकुलत्या एका खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले. खोलीत बारा खोकी रांगेत, प्रत्येकावर सुंदर वळणदार अक्षरात क्रमांक.

"सगळं भरून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त उचला."

मावशींनी एक नंबरचं खोकं कानाशी धरलं. हलवलं. आतून खळ्ळ असा आवाज आला. दोन नंबर. खळ्ळ. तीन नंबरमधून तर वाटलं कुणी आत भांडतंय.

"बाई, ही बोलतायत."

"बोलू दे. विमा आहे ना?"

"तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर तो विमा लागू होत नाही. गाडी उलटली, आग लागली, तर वेगळं. पण आत ताटली ताटलीवर आपटून फुटली, तर विमा कंपनी म्हणणार, कशी भरली होती ते आम्हाला काय ठाऊक."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, फोन काढला आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचू लागल्या. "शंभर. टक्के. विमा. पुढे उद्गारचिन्ह." मग फोन मावशींच्या तोंडासमोर धरला. "हा फोटो कुणाचा?"

"माझाच."

"मग हे तुम्ही म्हटलंय."

मावशींच्या कानशिलांना गरम वाटलं. एकोणीस वर्षं कुणाच्या घरी त्यांना कुणी खोटं ठरवलं नव्हतं. आणि आता ही बोलकी खोकी त्यांच्या तोंडाच्या जाहिरातीखाली गाडीत चढणार, पलीकडच्या गावात उतरणार, आणि आतून जो चुरा निघेल तो मावशींच्या नावावर. खालून गडी ओरडला, "डॉक... मावशी, गाडी लागली!"

"थांबवा!" मावशी ओरडल्या.

"बरंच झालं," बाई म्हणाल्या. "मी बुकिंग रद्द करते. ॲडव्हान्स परत द्या. कॅप्शनमध्ये कुठेही लिहिलेलं नाही की मिळणार नाही म्हणून."

यजमान खुर्चीतून म्हणाले, "मी म्हणत होतोच."

"काय म्हणत होतात?" बाईंनी वळून विचारलं.

"काही नाही. असंच."

मावशींनी मालकांना फोन लावला, आणि स्पीकर चालू केला, कारण तीन नंबरचं खोकं अजून त्यांच्या काखेत होतं.

"मालक, गिऱ्हाईक रद्द करतंय."

"आज? गाडी दारात असताना? मावशी, तीन दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण परत, नंतर गाडीचं भाडं कापून. सांगा त्यांना."

"हे तुम्ही लिहिलंत का?" बाई फोनकडे बघून म्हणाल्या.

पलीकडे मालकांचा आवाज एकदम शाळेतला झाला. "नाही, बाई."

"'नाममात्र' म्हणजे किती?"

"एकूण रकमेचा चौथा हिस्सा, बाई."

"चौथ्या हिश्श्याला नाममात्र म्हणतात? गणित कोण शिकवत होतं तुम्हाला?" बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या मावशींकडे वळल्या. "आणि हे, 'एकही कप फुटला नाही'. एकोणीस वर्षांत? असं म्हणणारा माणूस एक तर देव असतो, नाही तर निवडणुकीला उभा असतो. खरं सांगा."

"मावशी," फोनमधून मालक कळवळले, "सांभाळून हं!"

मावशींनी खोकं खाली ठेवलं. पदराला हात पुसले.

"सतरा," त्या म्हणाल्या.

"सतरा काय?"

"वस्तू. फुटल्या माझ्या हातून. पहिल्याच आठवड्यात सहा ताटल्या. मी आपल्या घरी ठेवतात तशा एकीवर एक आडव्या ठेवल्या. गाडी पहिल्या खड्ड्यात गेली आणि खालची ताटली बाकीच्यांचं ओझं घेऊन बसली. तेव्हापासून ताटली उभी, पुस्तकासारखी, एकेक कागदात गुंडाळून. मग चार कप. अंग शाबूत आणि कान गेले. म्हणून आता आधी कानाला कागदाची गुंडाळी, मग कपाला. दोन पेले आडवे घातले होते, ते गेले. एक आरसा मी सपाट झोपवला. आरसा कधी झोपवायचा नाही, बाई. उभा ठेवायचा, काचेवर टेपची फुली, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा."

"तेरा झाले," यजमान बोटं मोजत म्हणाले.

"दोन लोणच्याच्या बरण्या. त्या फुटल्या खोकं तळाशी रिकामं ठेवल्यामुळे. आता तळाला चुरगाळलेल्या कागदाची गादी, वर तशीच उशी, आणि मधल्या फटी ठासून. पण ठासायचं इतकंच, की झाकण फुगता कामा नये. एक नाचणारी बाहुली, तिचा हात गेला. आणि सतरावा एक दिव्याचा गोळा."

"गोळा कुठला?" फोनमधून मालक.

"फोटो काढल्यावर परत लावताना पडला. तुम्ही जेवायला गेला होतात."

बाईंच्या तोंडून जे निघालं ते मावशींना आधी खोकल्यासारखं वाटलं. बाई हसत होत्या. चष्मा छातीवर उड्या मारत होता.

"एक नंबर उघडा," त्या म्हणाल्या.

उघडलं. ताटल्या आडव्या, एकीवर एक, मधे प्रत्येकी एक टॉवेल. सर्वात वर दगडी खलबत्ता.

"बाई!" मावशींनी कपाळाला हात लावला.

"वर जागा होती."

"जड खाली, हलकं वर! शाळेत मोठी मुलं पुढच्या बाकावर बसवत होतात का?"

दोन तास मावशी भरत होत्या आणि बाई शेजारी बसून कागद फाडत होत्या. प्रत्येक वस्तू यादीत चढत होती: काय आहे, किंमत किती, आधीपासून कुठे टवका गेलाय.

"या कपाला टवका?" बाई दुखावल्या. "तो फक्त जुना आहे."

"टवका जुनाच आहे, म्हणूनच लिहिते. नाही तर उद्या तो माझा होईल."

यजमानांच्या खुर्चीची वेळ आली तेव्हा ते खिडकीच्या कठड्यावर जाऊन बसले. गड्यांनी पडद्याची दांडी काढली तेव्हा जिन्यात.

अकरा खोकी नव्याने भरली. एकही बोलेना. बाराव्याला हात घालताच बाईंनी त्यावर तळवा ठेवला.

"हे नाही. यात माझी चहाची किटली आहे. मी फार नीट भरली आहे."

मावशींनी हलवून पाहिलं. अगदी बारीक, टिक् असा आवाज आला.

"कुजबुजतंय, बाई."

"कुजबुजू दे. किटली माझी, खोकं माझं."

"मग इथे लिहा. बारा नंबर ग्राहकाने स्वतः भरलेलं, आतल्या फुटीला विमा नाही."

बाईंनी लिहिलं, सही केली, आणि यादी हातात घट्ट धरून ठेवली. "आता तुमच्या मालकांना फोन लावा. ते कॅप्शन बदलल्याशिवाय ही यादी गाडीत जाणार नाही. " फोन लागताच त्या थेट मालकांना म्हणाल्या, "कॅप्शन बदला. मी पुढच्या गिऱ्हाइकासाठी सांगतेय. आणि या बाईंसाठी. यांच्या तोंडाखाली तुम्ही थापा लिहिता!"

मालक आधी नाही म्हणाले. फुटलेल्या वस्तूंची जाहिरात कोण करतं? धंद्याचं दिवाळं निघेल! मग मावशींनी फोन घेतला.

"मालक, फोटो माझा आहे ना? मग एक तर खरं लिहा, नाही तर माझं तोंड काढा. दिव्याचा नवा गोळा आणा आणि त्याचा एकट्याचा फोटो टाका."

थोड्या वेळाने बाईंनी सांगितलं आणि मालकांनी मुकाट्याने उतरवून घेतलं:

*'आमच्या खोकेमावशींच्या हातून एकोणीस वर्षांत सतरा वस्तू फुटल्या. प्रत्येकीतून त्या एकेक गोष्ट शिकल्या. ताटली, पेला, आरसा: सगळं उभं. जड खाली, हलकं वर. तळाला आणि वर कागदाची गादी. खोकं हलवून पाहा, आवाज येता कामा नये.*

*वाटेतल्या विम्याचा हप्ता वेगळा. आम्ही भरलेल्या आणि यादीत किमतीसह नोंदवलेल्या सामानाची फूट त्यात येते. तुम्ही भरलेल्या खोक्यातली फूट येत नाही. सामान उतरल्यावर तपासा, फुटलं असेल तर पावतीवर लिहा, मगच सही करा.*

*बुकिंगला एकूण रकमेचा चौथा हिस्सा आगाऊ. तीन दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण परत, नंतर गाडीचं भाडं कापून.'*

"एक तरी उद्गारचिन्ह घेऊ का?" मालकांनी विचारलं.

"नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पलीकडच्या गावातल्या नव्या घरात, मावशींनी एकेक खोकं उघडलं. ताटल्या होत्या तशा. कप कानांसकट. यजमानांना त्यांची खुर्ची मिळाली आणि ते तिच्यात असे बसले, जणू तीही विम्यात होती.

बारा नंबर बाईंनी स्वतः उघडलं. पाठमोऱ्या होत्या, पण खांदे खाली आले ते मावशींना दिसले. किटलीचं झाकण दोन तुकड्यांत होतं.

मावशींची जीभ वळवळत होती, पण त्यांनी ती दाबली.

"तोंडावर कागदाची गुंडाळी ठेवली नाही मी," बाई म्हणाल्या. "झाकण तसंच लावलं होतं."

"झाकण वेगळं भरायचं, बाई. माझा पंधरावा तसाच गेला. तळाला दणका बसला, पण बरणी फुटली ती आपटलेल्या झाकणानेच."

"काल हे नाही सांगितलंत."

"काल तुम्ही खोकं उघडू दिलं नाहीत."

बाईंनी तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, पावती पुढे ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: *'बारा खोकी मिळाली. अकरा गप्प. बाराव्यात झाकण फुटलं, खोकं मी भरलं होतं.'* खाली सही केली. मग क्षणभर थांबून सहीपुढे कंसात एकचा आकडा लिहिला.

"हा एक कशाचा?" मावशींनी विचारलं.

"माझा पहिला," बाई म्हणाल्या. "तुम्ही सतरावर आहात. मला आता घाई करायला हवी."